विमा कंपनीचं ‘तुमची माहिती फुटली’ असं पत्र आलंय? मग या चुका टाळा

नागपुरात विमा एजंट म्हणून काम करताना अलीकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. कंपनीचं पत्र किंवा ईमेल येतो: ‘आमच्या कार्यालयातील प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाला असून काही ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे.’ लोक घाबरतात, घाईघाईत नेटबँकिंगचा पासवर्ड बदलतात आणि सुटकेचा नि:श्वास टाकतात. पत्राचा दुसरा परिच्छेद कोणी वाचतच नाही. काय गेलं आणि काय नाही गेलं, हे नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

माझ्या काही ग्राहकांना आलेल्या एका पत्राचंच बघा. बाहेर गेलेल्या गोष्टी अशा होत्या: नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल, पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख, नॉमिनीचं नाव आणि नातं, पॅन, आणि कॅन्सल चेकवरचा खाते क्रमांक. पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचे तपशील गेले नव्हते, आणि हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे लोकांनी जी एकच गोष्ट बदलली, ती मुळात गेलेलीच नव्हती. जे गेलं त्यातलं बरंचसं बदलता येत नाही. जन्मतारीख बदलणार कशी?

सगळ्यात मोठी चूक: ‘त्याला माझं सगळं माहीत होतं, म्हणजे तो कंपनीचाच’

त्रिमूर्ती नगरातल्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट सांगतो. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पत्र आलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, ‘बाई, आता काही दिवस पॉलिसीच्या नावानं कोणाचाही फोन आला तर बोलू नका, आधी मला सांगा.’ त्या हो म्हणाल्या. पासवर्ड बदलून झाला होता, त्यामुळे त्यांना वाटलं की विषय संपला.

पुढच्या आठवड्यात फोन आला. माणूस अदबीनं बोलत होता. त्यानं पॉलिसी क्रमांक सांगितला, हप्ता ऑगस्टमध्ये असतो हे सांगितलं, नॉमिनी म्हणून मुलाचं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाला, ‘मॅडम, डेटा लीकमुळे तुमच्या पॉलिसीवरचा 2,14,000 रुपयांचा बोनस अडकलाय. एजंटच्या कोडमुळे तो थांबलाय, म्हणून त्यांना सांगू नका, ते अडथळा आणतील. फाईल चार्ज 12,500 भरा, दोन दिवसांत रक्कम खात्यात.’ बाईंनी यूपीआयनं पैसे भरले. मग 21,400 रुपये ‘टॅक्स’ मागितला, तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं आणि मुलानं मला फोन केला.

मी घरी गेलो तेव्हा बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘भाऊ, तो सगळं बरोबर सांगून राहिला होता. खोटा माणूस इतकं बरोबर कसं सांगेल?’

नेमका हाच घोळ आहे. लीकच्या आधी पॉलिसी क्रमांक आणि नॉमिनीचं नाव माहीत असणं हा थोडाफार पुरावा होता. लीकनंतर तो पुरावा मोडीत निघाला. पत्रात जे जे गेल्याचं लिहिलंय, ते फोनवर कोणी सांगितलं तर उलट सावध व्हायला हवं. मी आता ग्राहकांना सांगतो की पत्राची प्रिंट फोनजवळ ठेवा आणि गेलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. समोरचा रेघ मारलेलीच माहिती सांगत असेल, तर त्यानं काहीच सिद्ध केलेलं नाही.

दुसरी खूण पैशाची. विम्याचा बोनस असा मधेच फोन करून ‘सोडला’ जात नाही. बोनस मिळणाऱ्या बहुतेक पॉलिसींत तो वर्षागणिक पॉलिसीतच जमा होत जातो आणि मुदतपूर्तीला, सरेंडरला किंवा मृत्यूदाव्याच्या वेळी मिळतो. टीडीएस लागलाच, तर तो मिळणाऱ्या रकमेतूनच कापला जातो. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरा, असं विमा कंपनी सांगत नाही. बंद पडलेली पॉलिसी चालू करायला थकलेला हप्ता भरावा लागतो, पण तो कंपनीलाच, पावती घेऊन. कुणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर कधीच नाही. आणि आयआरडीएआय, म्हणजे हैदराबादची विमा नियामक संस्था, पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि त्यासाठी लोकांना फोनही करत नाही. विमा लोकपालाचं नाव घेऊनही असे फोन येतात. लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

तिसरी खूण: ‘एजंटला सांगू नका.’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्यायचा. समोरच्याची परीक्षा घेत बसायची नाही. काही मंडळींना त्याच्याशी वाद घालायची हौस असते, पण बोलताना तुम्ही नकळत राहिलेली माहिती देऊन बसता.

बाईंच्या बाबतीत आम्ही लगेच 1930 ला फोन लावला. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. फोन लावायच्या आधी हे चार तपशील कागदावर लिहून घ्या, नाहीतर शोधाशोधीत वेळ जातो आणि पैसा तोवर पुढच्या खात्यात पोचतो. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी अर्ज दिला. रकमेचा काही भाग पुढच्या खात्यात रोखून धरता आला. सगळे पैसे वाचले नाहीत. तक्रार सकाळी करू म्हणून रात्रभर थांबणाऱ्यांचं तर बहुधा काहीच उरत नाही.

दुसरी चूक: पत्र वाचून कंपनीला काहीच न विचारणं

अशी पत्रं सरसकट लिहिलेली असतात: ‘पुढीलपैकी काही माहिती’. काही म्हणजे कोणती? माझी कोणती? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, पण कोणी विचारत नाही. ‘पत्र आलंय म्हणजे कंपनी बघून घेईल’ हा आळस मला खरंच सहन होत नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता पॉलिसी बॉण्डच्या कागदांत असतो. लीकच्या पत्रातला दुवा किंवा नंबर वापरू नका, कारण खऱ्या पत्राच्या मागोमाग हुबेहूब खोटं पत्रही येतं. जुना बॉण्ड किंवा हप्त्याची पावती काढा आणि त्यावरचाच नंबर घ्या. ईमेलमध्ये इतकंच विचारा: माझ्या कोणत्या पॉलिसींची माहिती गेली? नुसते तपशील गेले की प्रपोजल फॉर्म, आधारची प्रत, कॅन्सल चेक, वैद्यकीय अहवाल असे कागदही गेले? घटना कधी घडली आणि कंपनीला कधी कळली?

कागद गेले की नाही, यानं फार फरक पडतो. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी कळून कोणी पैसे काढू शकत नाही. पण चेकची प्रत आणि फॉर्मवरची सही एकत्र गेली असेल, तर कागदी ऑटो-डेबिट मॅंडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, तयार करायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये मॅंडेटची यादी उघडून बघा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर शाखेत लेखी कळवा. यासाठी खातं बंद करायची गरज नाही. खातं बंद केलं तर तुमच्याच विम्याचा हप्ता चुकायचा.

विमा कंपनीच्या शाखेला फोन करून आणखी एक गोष्ट विचारायला लावतो मी: माझ्या पॉलिसीवर आत्ता कोणता मोबाईल, ईमेल, पत्ता आणि बँक खातं नोंदलेलं आहे? गेल्या काही महिन्यांत बदलाचा, कर्जाचा किंवा सरेंडरचा अर्ज आलाय का? आधी मोबाईल बदलायचा, मग ओटीपी आपल्याकडे वळवून पॉलिसीतून पैसे काढायचे, हा जुना मार्ग आहे. ‘आपला मोबाईल क्रमांक बदलण्याची विनंती मिळाली’ असा एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. तुम्ही विनंती केली नसेल, तर त्याच दिवशी शाखेत जा. फोनवर मिळालेलं उत्तर पुरेसं नाही, ते ईमेलवर मागा.

14 दिवसांत उत्तर आलं नाही, तर bimabharosa.irdai.gov.in वर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करा. सोबत कंपनीला पाठवलेला ईमेल जोडला की काम सोपं होतं.

बाकीच्या, थोडक्यात

पत्राचा फोटो कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यावर तुमचा पॉलिसी क्रमांक असतो.

घाबरून पॉलिसी सरेंडर करू नका. गेलेली माहिती परत येत नाही आणि पैशाचं नुकसान मात्र पक्कं होतं.

आधारची प्रत गेली असेल तर आधारच्या अधिकृत ॲपवरून बोटांचे ठसे लॉक करा. रेशन दुकानात किंवा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला ठसा लागतो तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. हे माहीत नसल्यामुळे नोव्हेंबरात पेन्शनर रांगेत अडकतात. पुढे कुठेही प्रत द्यावी लागली तर शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार द्या.

वैद्यकीय अहवाल गेला असेल, तर आजाराचं नाव घेऊन येणाऱ्या ‘स्वस्त उपचार’ किंवा ‘क्लेम मंजूर करून देतो’ अशा फोनकडे त्याच नजरेनं बघा. 2024 मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांचे वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवरच्या बॉटमधून मिळत होते. त्यामुळे ‘माझ्या शुगरच्या रिपोर्टचं कोण काय करणार’ असं म्हणू नका.

पॅन गेलं असेल तर क्रेडिट रिपोर्ट बघायलाच हवा, आणि एकदा बघून चालत नाही. लीकनंतर लगेच बघून ‘काही नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या नावावर कोणी कर्ज घेतलं, तर ते रिपोर्टमध्ये दिसायला वेळ लागतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. मी चारही एकदम काढत नाही. दर तीन महिन्यांनी एकीचा काढतो, म्हणजे वर्षभर नजर राहते. रिपोर्टमध्ये खालचा ‘एन्क्वायरी’ भाग आधी वाचा. तुम्ही कर्ज मागितलं नसताना एखाद्या वित्तसंस्थेनं चौकशी केलेली दिसली, तर कर्ज मंजूर व्हायच्या आधीच त्या संस्थेला आणि रिपोर्ट देणाऱ्या संस्थेला, दोघांनाही लेखी हरकत कळवा आणि सोबत विमा कंपनीचं ते पत्र जोडा.