एका भिंतीचं प्लास्टर काढून वीट दाखवायची, शेजारचं काही हलू न देता

लातूर-नांदेडकडं आता बरेच जण हॉलची एक भिंत विटांची करायलेत, पण गवंडी बोलवायच्या आधी फोटोत बघायची असते, त्यामुळं इंटिरियरवाल्याकडं नवीन लागलात की हे काम लगेच अंगावर येतं. समजा समोर पिवळट प्लास्टरची भिंत, डावीकडं दाराची चौकट, उजवीकडं हिरवी भिंत, वर छत आणि मधे एक स्विचबोर्ड.

फोटोशॉपमधे मास्क पेन टूलनंच करा, मॅजिक वँड प्लास्टरच्या डागांवर अडकतो. वाइड लेन्सचा फोटो असेल तर कोपऱ्याची रेघ थोडी वाकलेली असते, म्हणून आधी लेन्स करेक्शन, मग पाथ. स्विचबोर्ड मास्कमधून वगळा. फेदर अंदाजानं देऊ नका, चौकटीची कड झूम करून बघा, ती जितके पिक्सेल मऊ तितकाच, बहुतेक वेळा एखादा पिक्सेल पुरतो.

वीट Vanishing Point मधून रिकाम्या लेयरवर बसवा आणि थर मोजा. मॉड्युलर वीट सांध्यासकट 10 सेंटीमीटर उंच धरतात, म्हणजे 7 फुटी दाराशेजारी साधारण 21 थर आले पाहिजेत. 12-13च आले तर वीट लई मोठी झाली आणि हॉल खेळण्यातल्या घरासारखा दिसतो, क्लायंटला कारण सांगता येत नाही पण खटकतं त्याला.

आता खरी मेहनत, सावली. जुन्या भिंतीची कॉपी वेगळ्या लेयरवर, रंग काढून, विटेच्या वर Multiply. तशीच ठेवली तर वीट काळवंडते, म्हणून Levels मधे पांढरा स्लायडर डावीकडं ओढायचा, भिंतीचा सगळ्यात उजेडाचा भाग पांढरा होईपर्यंत. प्लास्टरच्या भेगा पण सोबत येतात, त्या हीलिंग ब्रशनं काढा, नुसता जोरात ब्लर मारला तर पडद्याची सावलीसुद्धा जाते. थोडा ब्लर लागलाच तर या लेयरचे पारदर्शक पिक्सेल लॉक करून मारा, नाहीतर कडा पातळ होतात आणि चौकटीलगत वीट उगाच उजळ पट्टी धरते.

शेजारचं हललंय का हे डोळ्यानं कळत नाही. लेन्स करेक्शन झालेल्या मूळ फोटोची कॉपी सगळ्यात वर ठेवून मोड Difference करा, त्याच्यावर Levels टाकून पांढरा स्लायडर 10च्या आसपास आणा. भिंत सोडून सगळं कुट्ट काळं दिसलं पाहिजे. चौकटीवर करडी रेघ दिसली तर तिथं मास्क बाहेर सांडलाय. हिरव्या भिंतीवर विटेचा तांबूस उजेड टाकायचा मोह होतो, खऱ्या खोलीत तो पडतोही, पण क्लायंटनं एकच भिंत सांगितली असेल तर विचारल्याशिवाय नको.

हा तपास पीएसडीतच करा, कारण जेपीजी सेव्ह केली की सगळ्या फोटोत बारीक फरक येतो आणि मग सांडलेलं कुठलं, कॉम्प्रेशनचं कुठलं, ओळखू येत नाही.