सही करण्यापूर्वी : पुण्यातील फ्लॅटच्या करारातील डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस

लातूर, परभणी किंवा नांदेडच्या जुन्या वस्तीत घर भाड्याने घेताना आजही बरेचदा एका महिन्याचे भाडे आगाऊ देऊन किल्ली मिळते आणि सोडताना घरमालकाला तोंडी सांगितले तरी भागते. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या डिपॉझिटची तजवीज करणाऱ्या आईवडिलांची पहिली अडचण येथेच होते. कारण तेथे लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार होतो आणि घर सोडताना किती पैसे परत मिळतील हे त्यातील डिपॉझिट, लॉक-इन म्हणजे करार मध्येच न मोडण्याचा ठरलेला काळ, आणि नोटीस ही तीन कलमे मिळून ठरवतात. ही कलमे एकेकटी वाचली तर निरुपद्रवी वाटतात; ती एकत्र वाचावी लागतात.

म्हणून पहिली तयारी अशी की टोकनची रक्कम देण्यापूर्वी कराराचा मसुदा मागून घ्यावा. एजंट बहुधा ‘आमचा करार स्टँडर्ड आहे, सगळ्यांचा असाच असतो’ असे सांगतो. लॉक-इन आणि नोटिशीच्या बाबतीत स्टँडर्ड असे काही नसते, घरमालक बदलला की शब्द बदलतात. टोकन दिल्यानंतर एखादा शब्द बदलून मागणे अवघड होते, कारण तेव्हा आपले पैसे अडकलेले असतात.

करार 11 महिन्यांचा असला तर नोंदणीची गरज नाही, हा समज सोडून द्यावा. 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट असल्याने 11 महिन्यांची पद्धत रूढ झाली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे राज्यात असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. डिपॉझिटच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. 1,00,000 रुपये घेऊन करारात 50,000 दाखवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, कारण पुढे वाद झाल्यास करारात लिहिलेली रक्कमच पुरावा ठरते. पूर्ण रक्कम बँकेतून द्यावी आणि व्यवहाराचा क्रमांक व तारीख करारात लिहून घ्यावी.

आता एक उदाहरण घेऊ. भाडे 22,000 रुपये, डिपॉझिट 1,00,000, करार 1 जुलैपासून 11 महिन्यांचा, लॉक-इन 6 महिने आणि नोटीस एका महिन्याची. वाचणारा समजतो की 31 डिसेंबरला आपण मोकळे. मात्र मसुद्यात ‘लॉक-इन कालावधी संपल्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल’ असे वाक्य असेल, तर नोटीस द्यायची की घर सोडायचे, यांपैकी नेमके काय लॉक-इन संपल्यानंतर करायचे हे त्यातून स्पष्ट होत नाही, आणि घरमालक आपल्या सोयीचा अर्थ लावतो. त्याच्या अर्थाप्रमाणे नोटीस 1 जानेवारीला दिली जाईल आणि घर 31 जानेवारीला सुटेल, म्हणजे 6 महिन्यांचे लॉक-इन प्रत्यक्षात 7 महिन्यांचे झाले. त्यामुळे ‘लॉक-इनच्या शेवटच्या महिन्यात नोटीस देता येईल आणि लॉक-इन संपेल त्याच दिवशी घर सोडता येईल’ असे वाक्य घालून घ्यावे. नोटीस महिन्याच्या मध्यावर दिली तर मुदत त्या दिवसापासून मोजायची की पुढच्या एक तारखेपासून, हेही त्याच वाक्यात यावे.

याच उदाहरणात कंपनीने ऑक्टोबरअखेर बंगळूरला बदली केली, असे समजू. भाडेकरूने 1 ऑक्टोबरला नोटीस दिली आणि 31 तारखेला घर रिकामे केले. लॉक-इनचे नोव्हेंबर आणि डिसेंबर उरतात, म्हणून घरमालक 44,000 रुपये कापून घेईल आणि 56,000 परत देईल. वरचे संदिग्ध वाक्य तसेच राहिले असेल तर तो जानेवारीचेही भाडे मागेल आणि परतावा 34,000 वर येईल. एका वाक्याची किंमत येथे 22,000 रुपये आहे.

कायद्याच्या अंगाने भाडेकरूची बाजू अगदीच लंगडी नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि मिळायची असते ती वाजवी भरपाई. घरमालकाने 15 नोव्हेंबरला दुसरा भाडेकरू ठेवला असेल तर दोन महिन्यांचे नुकसान झाले असे म्हणणे त्याला जड जाईल. तथापि पैसे त्याच्या हातात असतात आणि तेवढ्या रकमेसाठी पुण्याच्या न्यायालयात खेटे घालणे कोणाला परवडत नाही. म्हणून हे आधीच लिहून घेणे शहाणपणाचे: शहराबाहेर बदलीचे पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, किंवा घर पुन्हा भाड्याने गेल्याच्या दिवसापासून भाडे कापले जाणार नाही. यातली दुसरी अट घरमालक तुलनेने सहज मान्य करतात, कारण त्यात त्यांचे काहीच बुडत नाही.

लॉक-इन घरमालकालाही बांधते का, हेही पाहावे. अनेक मसुद्यांत भाडेकरूने मध्येच सोडल्यास काय, हे सविस्तर असते आणि घरमालकाने चौथ्या महिन्यात घर मागितल्यास काय, याबद्दल एक अक्षर नसते. भाडे थकल्याखेरीज त्यालाही या काळात करार मोडता येणार नाही, असे नमूद करावे.

डिपॉझिटच्या कलमात परताव्याचा दिवस आणि कपातीची कारणे ही दोन्ही हवीत. ‘घर सोडल्यानंतर 45 दिवसांत’ याऐवजी ‘किल्ली देताना त्याच वेळी’ असे असावे. वीजबिलासाठी थोडी रक्कम मागे ठेवायची असेल तर तिचा आकडा लिहावा. रंगकामाची ठरावीक रक्कम कापली जाणार असेल तर ती आताच विचारावी आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज कपातीत धरली जाणार नाही, हे लिहावे. राहायला जाण्याच्या दिवशी सामान आत येण्यापूर्वी भिंतींवरची ओल, बाथरूमच्या फरशा, गिझर, नळ आणि विजेच्या मीटरचे रीडिंग दिसेल असे चित्रीकरण करून ते त्याच दिवशी घरमालकाला पाठवावे.

नोटीस ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर चालेल, हे करारात दोघांच्या पत्त्यांसह आणि नंबरांसह यावे. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्या, असे परस्पर ठरवू नये. बहुतेक करारांत त्याला मनाई असते आणि मग भाडे थकवल्याचा ठपका आपल्यावर येतो. त्याहून धोक्याचे म्हणजे पैसे मिळेपर्यंत घरातच बसून राहणे. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. त्यापेक्षा निघण्याच्या आठवडाभर आधी घरमालकाला घर पाहायला बोलवावे, कपातीचा हिशेब लेखी ठरवून घ्यावा, महावितरणचे अखेरच्या दिवसापर्यंतचे बिल भरावे, आणि रक्कम खात्यात आल्याचा संदेश पाहिल्यावर किल्ली देऊन ती मिळाल्याची पोच तारखेसह घ्यावी.