बिल काउंटरवर नंबर मागितला, तर गोडीत नाही कसं म्हणावं

तालुक्याच्या मार्टात आठवडी बाजाराच्या दिवशी बिलाला रांग असते. काउंटरवरची पोरगी मान वर न करता विचारते, "नंबर सांगा जी." बहुतेक जण सवयीनं दहा आकडे मोठ्यानं सांगून टाकतात. मागे उभ्या असलेल्या चार जणांनाही ते ऐकू जातात.

मोबाइल नंबर दिला की खरेदीवर पॉइंट मिळतात. आधी त्या पॉइंटचा हिशेब पाहा. समजा 100 रुपयांवर 1 पॉइंट मिळतो आणि पॉइंटची किंमत 25 पैसे आहे. मग 840 रुपयांच्या किराण्यावर 8 पॉइंट, म्हणजे 2 रुपये झाले. त्या बदल्यात तुमचा नंबर आणि तुम्ही काय घेतलं, हे दोन्ही दुकानाच्या यादीत जातं.

1. पहिली वस्तू स्कॅन व्हायच्या आधीच बोला. बऱ्याच दुकानांत बिल सुरू करतानाच नंबर टाकतात, म्हणून तेव्हा सांगितलं की तिचं काम अडत नाही: "ताई, पॉइंट नको मला, बिन नंबरचं बिल बनवा."

2. कारण सांगत बसू नका. "फोन घरी राहिला" म्हटलं, की "मग घरच्या कोणाचा सांगा" येतंच. "पॉइंट नको" यावर पुढचा प्रश्न उरत नाही.

3. "नंबराशिवाय बिल निघत नाही" असं म्हटलं, तर आवाज न चढवता म्हणा, "मग मॅनेजर भाऊंना विचारून घ्या, मी थांबतो." काउंटरवरची पोरगी बहुधा शेजारच्याच गावची असते आणि नंबर घ्यायला तिला वरून सांगितलेलं असतं. तिच्याशी वाद घालून काही साधत नाही. ग्राहकाच्या नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. तरीही अडवलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

4. खोटा नंबर देऊ नका. मनानं जुळवलेले दहा आकडे कोणाचे तरी असू शकतात. मग तुमच्या बिलाचा मेसेज त्या माणसाला जातो.

5. छापील बिल मागून घ्या. "बिल मोबाइलवर येईल" म्हणत पुन्हा नंबर मागतात, तेव्हा "कागदावरच द्या" एवढं पुरे. माल बदलायचा झाला तर हाच कागद लागतो. शाई उन्हात उडते, म्हणून महत्त्वाच्या बिलाचा फोटो काढून ठेवा.

एवढ्यात नंबर आधीच सांगून झाला आणि फोनवर ओटीपी आला, तर तो सांगू नका. "राहू द्या, नंबर काढून टाका" म्हणा.

कूलर किंवा पंप घेताना मात्र वॉरंटीसाठी, आणि सामान घरपोच हवं असेल तेव्हा, नंबर देणं सोयीचं असतं. देताना म्हणा, "फक्त वॉरंटीसाठी, ऑफरचे मेसेज नको." कृषी केंद्रात अनुदानाच्या खतासाठी मशीनवर आधार मागतात, ती गोष्ट वेगळी. तिथं सरकारी नोंद होते, पॉइंटचा संबंध नसतो.