कंपनीत माणसं किती? एका रकान्याची तीन उत्तरं

लिस्टेड कंपन्यांची प्रोफाइल्स बनवायचं काम ज्यांच्या गळ्यात नुकतंच पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुण्यात असल्या नोकऱ्या आता बऱ्याच निघाल्यात आणि सुरुवात बहुधा याच तीन रकान्यांनी होते: मुख्यालय, कर्मचारीसंख्या, मुख्य उत्पादनं. बीएसई-एनएसईच्या साइटवरून वार्षिक अहवाल कसा उतरवायचा, हे तुम्हाला येत असणार. तेव्हा ते सोडून पुढचं सांगते.

मुख्यालयाचं लवकर आटपू. कायद्याला ‘मुख्यालय’ माहीतच नाही. कायदा ओळखतो ते नोंदणीकृत कार्यालय, आणि अहवालात त्याच्याच शेजारी बऱ्याचदा कॉर्पोरेट ऑफिसचा वेगळा पत्ता असतो. बजाज फायनान्सचं नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीला, कॉर्पोरेट ऑफिस विमाननगरला. थरमॅक्सचं नोंदणीकृत चिंचवड एमआयडीसीत, कॉर्पोरेट वाकडेवाडीला. हे दोन्ही पत्ते पुण्याच्याच परिसरातले, म्हणून शहराचा रकाना चुकत नाही. पण एक पत्ता मुंबईत आणि दुसरा इथे असला की गोंधळ होतो. कोणता धरायचा हे तुमच्या टीमचा नियम ठरवेल; तो नियम पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या. “बघ ना तूच” असं म्हणणारा सीनियर पुढे चुकीचं खापर तुमच्यावरच फोडतो, हे अनुभवाचे बोल.

उत्पादनांत एकच ठिकाण टाळा: CIN, म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरी ओळख क्रमांक. त्यात उद्योगाचा पाच आकडी कोड असतो आणि नवी मुलं तो उचलून मोकळी होतात. बजाज ऑटोचा क्रमांक बघा:

```
L65993PN2007PLC130076
```

`L` म्हणजे लिस्टेड, `PN` म्हणजे पुणे, `2007` हे स्थापनेचं वर्ष. मधला `65993` जुन्या वर्गीकरणात वित्त व्यवसायात मोडतो! मोटरसायकली विकणारी कंपनी कागदावर फायनान्सवाली दिसते, कारण २००७ मध्ये ती स्थापन झाली ती गुंतवणूक कंपनीच्या नावाने. पुढे विभाजनात वाहनांचा व्यवसाय तिच्याकडे आला आणि १९४५ची मूळ कंपनी आज बजाज होल्डिंग्ज म्हणून उरली. म्हणून उत्पादनं घ्यायची ती बीआरएसआरमधल्या, म्हणजे वार्षिक अहवालातल्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालातल्या तक्त्यातून. उलाढालीचे नव्वद टक्के ज्या मालातून किंवा सेवेतून येतात तो माल, त्याचा एनआयसी म्हणजे उद्योग वर्गीकरणाचा कोड आणि टक्केवारी तिथे ओळीने दिलेली असते. टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने लिहा, झालं.

आता कर्मचारीसंख्या. इथे मी अडकले होते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

एकाच अहवालात हा आकडा तीन जागी येतो आणि तिन्हीकडे वेगळा असू शकतो. पहिली जागा बीआरएसआरचा सेक्शन ए. दुसरी जागा संचालकांच्या अहवालाचं वेतनाबद्दलचं परिशिष्ट. कंपनी कायद्याखालच्या वेतनाबद्दलच्या २०१४च्या नियमांतल्या पाचव्या नियमाखाली कंपनीला पटावरच्या कायम कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. तिसरी जागा मॅनेजमेंट डिस्कशनमधला मनुष्यबळाचा परिच्छेद.

आकड्यांनिशी दाखवते. समजा, चाकणची एक सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. आकडे माझ्या मनचे. बीआरएसआरच्या तक्त्यात वर ‘एम्प्लॉइज’: कायम ९००, कायम नसलेले ६०. त्याखाली ‘वर्कर्स’: कायम १,४००, कायम नसलेले २,६००. पाचव्या नियमाच्या परिशिष्टात आकडा २,३००. मॅनेजमेंट डिस्कशनमध्ये “समूहात ३,१०० जण”. नवखा माणूस वरची बेरीज बघून ९६० लिहितो, कारण शब्द ‘एम्प्लॉइज’ आहे आणि रकान्याचं नावही तेच आहे. चाकणसारख्या ठिकाणी कारखाना चालवणारी कंपनी आणि माणसं ९६०! खाली चार हजार कामगार राहूनच गेले.

मग खरं उत्तर कोणतं? चुकीचा फक्त ९६०. बाकीचे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कायम माणसं हवी असतील तर ९०० अधिक १,४००, म्हणजे २,३००, आणि हे परिशिष्टाशी तंतोतंत जुळतंय. हा ताळा दर वेळी करा. तो जुळला की दोन गोष्टी कळतात: कामगार वेगळे मोजलेत, आणि दोन्ही आकडे एकट्या कंपनीचे आहेत. कंत्राटी धरून हवी असतील तर ४,९६०. आणि ३,१०० मध्ये उपकंपन्यांची कायम माणसंही आहेत, पण कंत्राटी नाहीत; तो समूहाचा आकडा.

ताळा जुळला नाही तर घाबरू नका, पण पुढेही जाऊ नका. आधी बीआरएसआरच्या पहिल्याच यादीत अहवालाची व्याप्ती बघा: स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड. कन्सॉलिडेटेड असेल तर तक्त्यात उपकंपन्याही आल्या आणि परिशिष्टाशी तो जुळणारच नाही. ही एक ओळ न वाचता आकडा उचलणं म्हणजे वजनकाटा शून्यावर न आणता भाजी तोलणं. व्याप्ती बरोबर असूनही फरक राहिला तर दोन्ही आकडे शेऱ्यात लिहा आणि कोणता घेतला ते सांगा. सरासरी काढू नका. खरंच काढतात लोक.

आणखी एक. त्या तक्त्याच्या लगेच खाली अगदी तशाच बांधणीचा दिव्यांग कर्मचाऱ्यांचा तक्ता असतो. ती माणसं वरच्या तक्त्यात आधीच मोजलेली आहेत, पुन्हा मिळवू नका. आणि आयटी कंपन्यांत ‘वर्कर्स’च्या ओळी रिकाम्या किंवा ‘लागू नाही’ दिसल्या तर काही हरवलं असं समजू नका. बहुतेक कंपन्या सगळ्यांना एम्प्लॉइजमध्येच धरतात.

तयार आकडे देणाऱ्या साइट्सबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. आकडा कोणत्या तारखेचा, कायम की कंत्राटीसकट, एकट्या कंपनीचा की समूहाचा, यातलं बहुधा काहीच त्या सांगत नाहीत. “५,०००+ जणांचं कुटुंब” हे कंपनीच्या वेबसाइटवरचं वाक्यही त्याच पंक्तीतलं. अहवालातला आकडा ३१ मार्चचा आहे, एवढं तरी तुम्हाला ठामपणे लिहिता येतं.

राहिली छोट्या कंपन्यांची गोष्ट. बीआरएसआर २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा आहे. त्याखालच्या कंपन्यांत तो बहुधा सापडणारच नाही, आणि तुम्ही तासभर शोधत बसाल. तिथे सरळ पीडीएफमध्ये हे शोधा:

```
permanent employees on the rolls
```

सापडला तर तोच आकडा घ्या आणि शेऱ्यात ‘फक्त कायम’ असं लिहा. सापडला नाही तर बहुधा पीडीएफ स्कॅन केलेली असते, शोध चालतच नाही. मग संचालकांच्या अहवालाची परिशिष्टं एकेक पान उलटून बघायची. संचालकांच्या पगाराचं कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाशी प्रमाण दिलेला तक्ता दिसला की थांबा. आकडा त्याच्याच आसपासच्या ओळींत असतो.