बोन कंडक्शन हेडफोनचा आवाज बारीक किंवा घरघर येतोय?

लगेच रिपेअरला टाकू नका, आधी हे बघा.

१. गाणं चालू ठेवून दोन्ही पॅड बोटाने हलकेच दाबा. आवाज भरला तर मशीन ठीक आहे, फिटिंगच ढिलं आहे. पॅड कानाच्या भोकावर नको, कानासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या जरा पुढे गालाच्या हाडावर टेकला पाहिजे, मध्ये केस किंवा चष्म्याची दांडी येऊ देऊ नका, माझा तर दांडीमुळेच एका बाजूने घरघरत होता.

२. पॅडवरचा घाम, तेल ओल्या फडक्याने पुसा. तरी घरघर राहिली तर बेस कमी करा.

३. चार्ज होत नसेल तर पोर्टमधला सुकलेला घाम कोरड्या मऊ ब्रशने काढा.

फक्त पोर्ट ओला असताना चार्जिंग लावू नका, पिना गंजतात.