तोळे-ग्रॅमच्या जुन्या यादीवरून एकाच मापाची भावयादी: आधी काय काय तयार ठेवायचे

इंदूरच्या सराफ्यात सोन्याचा भाव १० ग्रॅमला बोलला जातो, त्यामुळे नवी यादी ग्रॅममध्येच करायची हे आधी पक्के करा. वजन तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवा. काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा आणि तोलण्याआधी शून्यावर आलेला हवा.

खरी अडचण 'तोळा' या शब्दाची आहे. जुन्या वहीतला तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे १८० ग्रेनचा. इंग्रजी अमलात १८३३ साली हेच वजन ठरले आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पडू लागला. म्हणून न झिजलेला राणीछाप रुपया काट्यावर ठेवला तर ११.६६च्या आसपास दिसतो. पण आज काउंटरवर गिऱ्हाईक "दोन तोळे" म्हणते, तेव्हा बहुतेकदा त्याच्या मनात २० ग्रॅम असतात. एकाच यादीत हे दोन्ही तोळे शेजारी-शेजारी बसलेले सापडतात, आणि नुसत्या आकड्याकडे पाहून ते ओळखू येत नाहीत.

म्हणून गुणाकार करण्याआधी प्रत्येक ओळीपुढे 'जुना' की 'दहाचा' ही खूण करा. मासे-गुंजा लिहिलेल्या असतील तर तोळा जुनाच समजायचा, कारण १२ मासे आणि ९६ गुंजांचा हिशेब त्याच तोळ्याचा आहे. हिंदी चिठ्ठीतली रत्ती म्हणजे आपली गुंज. मात्र खड्याची रत्ती वेगळी आणि जड असते, ती यात मिसळू नका. दागिना हाताशी असेल तर सर्वांत सोपे: काट्यावरचे ग्रॅम लिहिलेल्या तोळ्यांनी भागा. उत्तर ११.६६च्या जवळ आले तर जुना तोळा, १०च्या जवळ आले तर दहाचा. मधलेच काही, समजा १०.८ आले, तर खडे, लाख, झीज किंवा मागाहून बदललेला फासा यांपैकी काहीतरी आड येते आहे. ती ओळ तशीच सोडा आणि दागिना पुन्हा तोला. दागिनाही नाही आणि लिहिणाराही भेटत नाही, अशी ओळ भावयादीत घ्यायचीच नाही.

आता लिहिण्याची चूक. '२.३' असे दिसले की ते दशांश आहे की '२ तोळे ३ मासे', हे विचारा. दशांश धरले तर २६.८२७ ग्रॅम होतात, मासे धरले तर २६.२४४. अर्ध्या ग्रॅमहून जास्त सोने एका टिंबात जाते. संगणकावर '2-3-4' एकाच खान्यात टाकले तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते, म्हणून तोळे, मासे, गुंजा यांना तीन वेगळे खाने द्या. जुन्या तोळ्याच्या ओळींना हे सूत्र:

```
=ROUND((A2+B2/12+C2/96)*11.6638,3)
```

गोलाई शेवटी एकदाच. मासा ०.९७ ग्रॅम धरून चाललात तर १२ माशांचे ११.६४ होतात, म्हणजे तोळ्यामागे २४ मिलिग्रॅम कमी.

एक ओळ पूर्ण करून पाहू. पाटल्यांची जोडी, २ तोळे ३ मासे ४ गुंजा. सूत्राने २६.७३० ग्रॅम. हिशेबापुरता त्या शुद्धतेचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये धरा, म्हणजे ग्रॅमला १०,०००. सोन्याची किंमत २,६७,३०० रुपये. तीच जोडी कुणी २.२९१७ तोळे करून १० ग्रॅमच्या भावाने गुणली तर २,२९,१७० रुपये येतात. अडतीस हजारांहून जास्त फरक, आणि तोटा दुकानाचा. उलट, दहाच्या तोळ्याला ११.६६४ने गुणले तर गिऱ्हाइकाकडून सुमारे सहावा हिस्सा जादा घेतला जातो. यादीची बेरीज स्टॉकवहीपेक्षा सहाव्या हिश्शाने जास्त किंवा सातव्या हिश्शाने कमी आली, तर आधी तोळ्याच्या खुणा तपासा.

भाव लावण्यापूर्वी शुद्धतेचा खाना भरलेला हवा. ९१६च्या दागिन्याला २४ कॅरेटचा भाव लागला की वजन कितीही अचूक असले तरी किंमत चुकते. खडे आणि मीनाकाम असलेल्या दागिन्यांना एकूण आणि निव्वळ असे दोन खाने द्या, आणि सोन्याचा भाव निव्वळ वजनालाच लावा.

जुन्या आकड्यांचे खाने पुसू नका. स्टॉक जुळेपर्यंत ते झाकून ठेवा, आणि छापील प्रतीच्या माथ्यावर लिहा: 'सर्व वजने ग्रॅममध्ये, निव्वळ सोन्याची.'