गल्लीचं आपत्कालीन पथक काढताय? या चुका टाळा

जून तोंडावर आला की सांगलीत कुठल्या ना कुठल्या मंडळाची पोरं भेटायला येतात. "दादा, गल्लीचं आपत्कालीन पथक काढायचंय." चांगली गोष्ट आहे. पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बोट कितीला बसेल?" आणि त्याच्या पुढचा: "टी-शर्टवर नाव पाठीवर टाकायचं का छातीवर?" आपल्या गल्लीत जिना न उतरता येणारी माणसं किती, हे विचारत कुणी येत नाही.

गल्लीच्या पथकाचं काम पाण्यातून माणसं काढणं नाही. पाणी यायच्या आत माणसं हलवणं हे आहे. बोटी घेऊन एनडीआरएफ येतं, लष्कर येतं. पण मागच्या खोलीत कोण झोपून आहे हे त्यांना माहीत नसतं, तुम्हाला असतं. हे डोक्यात शिरलं नाही की पुढच्या सगळ्या चुका ओळीनं होतात.

आयर्विन पुलाचा आकडा बघत बसणं

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. हे आकडे सांगलीत पोरासोरांना पाठ असतात आणि तिथंच घोटाळा होतो. "अजून इशारा पातळी लागली नाही" म्हणून लोक निवांत बसतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागातल्या माणसाला विचारा. इशारा लागायच्या आधीच त्यांच्याकडं सामान बांधून झालेलं असतं. त्यात पाणी नदीकडूनच येईल असंही नाही. नाल्यातून ते उलटं चढतं आणि गल्लीच्या मागच्या बाजूनं शिरतं. पुढच्या तोंडाला पोरं पहारा देत उभी आणि मागं परसात पाणी, हे दरवेळी कुठंतरी घडतं.

प्रत्येक गल्लीचा आकडा वेगळा असतो आणि तो आधी काढून ठेवावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर बघितलेली माणसं गल्लीत असतात. कोपऱ्यावर पाणी आलं त्या दिवशी पुलापाशी किती फूट होतं, हे त्यांना विचारा. त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढून ताडून बघा. मग कोपऱ्यावरच्या भिंतीवर ऑइल पेंटनं रेघ मारून शेजारी तो आकडा लिहा. पुढाऱ्याचं नाव नको, फक्त आकडा.

समजा तुमच्या कोपऱ्यावर ३८ फुटांना पाणी येतं. मग ३० ला साहित्य बाहेर काढायचं, ३३ ला अंथरुणावरची माणसं हलवायची आणि ३६ ला गल्ली रिकामी. पाणी तासाला चार इंचांनी चढत असेल, तर ३३ पासून ३८ पर्यंत तुमच्या हातात पंधरा तास आहेत. ऐकायला भरपूर वाटतात. पण अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला दुसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचं, टेम्पोत घालायचं, नातेवाइकाकडं पोहोचवायचं म्हणजे चार माणसं आणि तासभर जातो. त्यात घरच्यांची समजूत काढायचा वेळ धरलेला नाही. "गेल्या पुरात आमच्या पायरीला पाणी लागलं नव्हतं" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. सात घरांत असे पेशंट असले तर नुसत्या हलवण्यातच सात तास जातात, आणि पाणी रात्री वेग धरतं की नाही हे तुमच्या हातात नसतं. म्हणून आकडा गाठायची वाट न बघता एक फूट आधीच निघायचं, ही माझी सवय. त्यापायी एखादी फेरी फुकट गेली तरी चालतं.

सगळेच पाण्यात, वहीजवळ कुणीच नाही

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका मंडळाची पंचवीसेक पोरं रात्रभर छातीभर पाण्यात होती. हिमतीला तोड नाही. लाइफ जॅकेट होती, दोर होता, ट्यूब होती. एका घरात दोन आज्या राहायच्या, एक पुढच्या खोलीत, दुसरी मागच्या माडीवर. पुढच्या आजीला संध्याकाळीच काढलं. रात्री मागच्या आजीच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई निघाली का?" ज्यानं फोन उचलला त्यानं ग्रुपवर विचारलं. "त्या घरातल्या आजी काढल्या" असं कुणीतरी लिहिलं, त्यावर चार अंगठे आले, आणि मुलाला निरोप गेला की आई सुखरूप आहे. त्या रात्रीत तीन वेगवेगळ्या टोळ्या त्याच घराच्या दारावर थाप मारून गेल्या. पुढची खोली रिकामी बघून प्रत्येक टोळी परत फिरली. मागच्या आजींना ऐकू कमी येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गच्चीवरच्या बाईला माडीच्या खिडकीत पदर हलताना दिसला, तेव्हा उलगडा झाला. आजी वाचल्या. बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि प्यायला पाणी नव्हतं, एवढ्यावर निभावलं.

पंचवीस जणांत एकाचंही काम कोरड्या जागी बसून वही सांभाळणं हे नव्हतं. त्या पोरांना नंतर विचारलं तर म्हणाली, "वही घेऊन बसायला कोण तयार होणार?" नेमकं तेच दुखणं आहे.

म्हणून पथकात सगळ्यात आधी वहीवाला नेमा, प्रमुख नंतर. वही कागदाची हवी, प्लास्टिकच्या पिशवीत. फोनची बॅटरी संपते आणि पुरात टॉवरही बंद पडतात. एका घराला एक पान: राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तो कुठल्या खोलीत झोपतो, इन्सुलिन, ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागतं का, कुणी गरोदर आहे का, ऐकू-दिसू येतं का, जनावरं किती, आणि बाहेरगावच्या नातेवाइकाचा नंबर. भाडेकरूंची नावं हमखास राहतात, ती मुद्दाम विचारा. नियम एकच: वहीवाल्यानं माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तरच नावापुढं खूण. कुणी सांगितलं म्हणून नाही, ग्रुपवर आलं म्हणून तर नाहीच. माणूस परस्पर पाहुण्यांकडं गेला असेल, तर त्याच्याशी स्वतः फोनवर बोलायचं आणि वेळ लिहायची.

घरातल्या सगळ्या खोल्या बघून झाल्या की गॅलरीच्या वरच्या कठड्याला पांढरी चिंधी बांधायची. दारावर खडूनं लिहिणारे लिहितात, पण पावसात ते तासभरही टिकत नाही.

बाकी भूमिका थोडक्यात. प्रमुख पाण्यात उतरत नाही. एक जण साहित्य बघतो, एक जण प्रथमोपचार. प्रत्येकाला एक बदली, कारण पूर एका रात्रीचा नसतो. २०१९ ला पाणी आठवडाभर हललं नाही. पहिल्या रात्री सगळे जागे राहिले की तिसऱ्या दिवशी अख्खं पथक आडवं होतं. सहा तास झाले की माणूस सक्तीनं घरी. नवीन पोरांना हे पटत नाही, भांडतात. भांडू दे.

आधी खरेदी, मग विचार

साहित्य तळमजल्यावरच्या मंडळाच्या शेडमध्ये आणि किल्ली एकाकडंच. तो लग्नाला कोल्हापूरला गेलेला असतो. साहित्य पहिल्या मजल्यावर ठेवा, किल्ल्या दोन घरांत. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा, नाहीतर वर्षभरात आत गळून टॉर्चच खलास होते.

दोर घेताना हार्डवेअरवाला नायलॉनचा देतो. तो मजबूत असतो, पण पाण्यात बुडतो. फेकायला पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, तो तरंगतो. पंधरा-वीस मीटर पुरे. टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा आणि त्यात चार बोटं पाणी ठेवा म्हणजे नीट फेकता येतो. बुडणारा कॅनला धरूनही तरंगतो. दोर स्वतःच्या कमरेला बांधून पाण्यात उडी मारणारा वीर प्रत्येक मंडळात असतो. दोर अडकला की प्रवाह त्यालाच खाली दाबतो. आधी काठी पुढं करायची, मग दोर फेकायचा. पोहून जायचं ते काम प्रशिक्षित माणसाचं. कृष्णेत पोहायला शिकलो म्हणजे बुडणाऱ्याला ओढता येईल, हा गैरसमज आहे. घाबरलेला माणूस गळ्यालाच मिठी मारतो.

लाइफ जॅकेट विकत घेतलं की पोहण्याच्या तलावात नेऊन पथकातल्या सगळ्यात वजनदार माणसाला घालून बघा. हनुवटी पाण्याच्या वर राहत नसेल, तर ते फोटोपुरतंच आहे. आणि बोटीचा हट्ट असेलच, तर २०१९ मध्ये ब्रह्मनाळला काय झालं ते आठवा. गावातलीच बोट होती, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती आणि ती उलटली. घाबरलेल्या गर्दीला "आता तिघंच" म्हणून थांबवणारा माणूस तुमच्यात नसेल, तर बोट घेऊ नका.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये बसून बघितलेलं प्रात्यक्षिक नव्हे. सीपीआरमध्ये छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबली जायला हवी आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा, दमछाक झाल्यावर कळतं की दोघं लागतात. सरकारच्या आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. पथकातले दोघं तरी तिकडं पाठवा.

पुरात साप घरात येतात. चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, आवळून दोरी बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला बोलवा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

पाणी मीटरपर्यंत आलं की डीपीला हात लावायचा नाही, महावितरणलाच कळवायचं. आणि पूर ओसरल्यावर वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बंदही करू नका. दारं उघडा, बाहेर या आणि मग १९०६ लावा.

पथक काढल्याचं वॉर्ड ऑफिसला आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला लेखी कळवा. तो कक्ष १०७७ वर असतो. जीव धोक्यात असेल तर ११२. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि जूनच्या पहिल्या रविवारी, बाकी सराव करताना, सगळे एकदा लावून बघा.